घरची नळी

जोडीबाईंना जोडीदार नव्हता. हा विनोद दवाखान्याच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा कुणी केला ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण एकतीस वर्षांत त्याची गोडी काही कमी झाली नव्हती. नवा डॉक्टर रुजू झाला की आठवडाभरात कुणीतरी त्याला कोपऱ्यात घेऊन तो सांगायचंच. बाईंच्या कानावर हे सगळं होतं. त्या कान बंद ठेवायच्या आणि फ्रीजर उघडा.

नाव पडलं ते त्यांच्या एका वाक्यावरून. तापाचा रोगी रक्त द्यायला आला, नातेवाईक खिडकीशी चिकटून उभे राहिले, की बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "आज एक नळी घेतेय. पंधरा दिवसांनी दुसरी. जोडी झाल्याशिवाय मी बोलत नाही."

लोक हातापाया पडायचे. लांबून आलोय बाई, पुन्हा यायला जमत नाही, काय ते आजच सांगा. बाई ढिम्म हलायच्या नाहीत. एकदा एक म्हातारी आपल्या तापलेल्या नातवंडाला कडेवर घेऊन चालत आली होती, तिलाही त्यांनी तेच ऐकवलं आणि खिडकीची काच ओढून घेतली. शास्त्राच्या बाबतीत त्या शंभर टक्के बरोबर असायच्या. बरोबर असण्याचा त्यांना फार शौक होता, आणि समोरचा रडकुंडीला आला की तो शौक आणखी भागायचा.

शिकाऊ पोरींना त्या एकच धडा दरवर्षी द्यायच्या. "रोग अंगात शिरला की रक्त त्याच्याशी लढायला अँटिबॉडी बनवतं. पहिली येते ती आयजीएम. धावतपळत येते, काही आठवड्यांत बहुधा निघून जाते. मागून येते आयजीजी. ती सावकाश येते, पण एकदा आली की वर्षानुवर्षं ठिय्या देऊन बसते. म्हणून एका नळीत आयजीजी सापडली तर काय कळलं? या माणसाची आणि रोगाची कधीतरी गाठ पडली होती, एवढंच. गेल्या आठवड्यात की लहानपणी, ते नळी सांगत नाही. मग काय करायचं? रक्त पातळ करत जायचं. आठपट, सोळापट, बत्तीसपट. किती पातळ केल्यावरही खूण उमटते तो आकडा म्हणजे टायटर. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. टायटर तिथल्या तिथेच असेल तर जुनी ओळख. चौपट चढला तर लढाई आत्ता चालू आहे. दुप्पट झाला तर गप्प बसायचं, एवढी चूक हाताचीही असते."

मग त्या बोट वर करायच्या. "आणि दोन्ही नळ्या एकाच दिवशी, एकाच खळग्यांच्या प्लेटमध्ये, एकाच किटने लावायच्या. पहिली जपून ठेवायची ती त्यासाठीच. वहीतल्या जुन्या आकड्याशी नवा आकडा ताडून बघायचा नाही. आज शिंप्याच्या टेपने मोजायचं, महिन्याने वितीने, आणि म्हणायचं पोरगं वाढलं!"

पोरी हसायच्या. चष्मेवाली मात्र हसत नसे.

चष्मेवाली म्हणजे बाईंच्या हाताखालची तंत्रज्ञ. तीन वर्षांपूर्वी तिने नेमकी हीच चूक केली होती. पहिली नळी सापडेना म्हणून दुसरी एकटीच लावली आणि वहीतल्या आकड्याशी ताडून अहवाल लिहिला. बाईंनी तो कागद डॉक्टर, शिपाई आणि खिडकीवरच्या रोग्यांदेखत टराटरा फाडला. तुकडे तिच्याच हातात ठेवले आणि म्हणाल्या, "कचऱ्याची पेटी तिकडे आहे. आधी हे टाक, मग जमलं तर अक्कलही शोध." चष्मेवालीला तेव्हा पाचवा महिना होता. ती भर खोलीत रडली, आणि बाईंनी तिला रुमाल दिला नाही. त्या दिवसापासून ती बाईंशी कामापुरतं बोलायची आणि प्रत्येक नळी नंबर बघून मगच हातात घ्यायची.

घरी बाईंची वेगळीच गत होती. घर भावाचं. बाई तिथे राहायच्या म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेल्या अरुंद खोलीत राहायच्या. भाऊ निवृत्त होऊन पेपरात डोकं घालून बसलेला असायचा, आणि राज्य वहिनीचं होतं. वहिनी त्यांना वन्सं म्हणायची आणि वागवायची पाहुण्यासारखं, म्हणजे असा पाहुणा की ज्याची गाडी एकतीस वर्षांपूर्वी चुकली. चहा सगळ्यांना झाला की उरलेला बाईंना. टीव्हीसमोरची खुर्ची कधीच नाही. "वन्सं काय, दिवसभर लोकांच्या रक्तात हात घालतात," असं म्हणून वहिनी त्यांचं ताटही वेगळं घासायची.

भाच्याचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. सूनबाई गरीब स्वभावाची, कमी बोलणारी. घरात मूल नव्हतं, आणि ते नसणं वहिनी रोज सकाळी तिच्या पदरात घालायची, कधी टोमणा मारून, कधी नुसता सुस्कारा टाकून. त्यातून सूनबाईची बोटं गेलं वर्षभर सकाळी आखडायची. तासभर तिची मूठ वळत नसे, डब्याचं झाकण निघत नसे. "कामाच्या वेळेलाच बरी दुखतात बोटं," वहिनी म्हणायची. सूनबाईने एकदा बाईंनाही दाखवली होती. बाईंनी पेपरावरून नजर न उचलता सांगितलं, "गरम पाण्यात बुडव."

आणि मग सहाव्या वर्षी सूनबाईला दिवस गेले.

घराचा नूरच पालटला. वहिनीने महिनाभर तिला पाण्याची बादली उचलू दिली नाही. दहाव्या आठवड्यात सूनबाईला ताप भरला, आणि दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर, मानेवर बारीक लाल पुरळ आलं. तीन दिवसांत गेलंही. पण शेजारच्या पोरालाही आदल्या महिन्यात तसंच पुरळ येऊन गेलं होतं, आणि बायकांच्या डॉक्टरीणबाईंचा चेहरा ते ऐकून उतरला.

"रुबेला असू शकतो," त्या म्हणाल्या. "मोठ्या माणसाला काही होत नाही. पण पहिल्या तीन महिन्यांत आईला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय, कशालाही धक्का लागतो. सांधे दुखतात का?"

"बोटं दुखतात," सूनबाई म्हणाली.

"रुबेलात बायकांचे सांधे धरतात." डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं. "रक्त तपासू. तुमच्या आत्याबाईच करतात ना?"

संध्याकाळी वहिनी पहिल्यांदाच बाईंच्या खोलीत आली आणि खाटेच्या कडेवर बसली. "वन्सं, तपासा काय ते. पण दवाखान्यात कुणाला कळता कामा नये. आमच्या सुनेच्या पोटात रोग आहे म्हणून गावभर व्हायला नको. नाव नको, काही नको."

बाईंनाही ते पटलं. त्यांना स्वतःचंच कारण होतं. जोडीबाईंच्या घरचं रक्त आलंय म्हटल्यावर चष्मेवाली काय नजरेने बघेल ते त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सूनबाईचं रक्त घरीच काढलं, दवाखान्यात नेऊन त्याचं सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, वेगळं केलं, आणि रजिस्टरात ना नंबर टाकला ना नाव. ज्या बाई नंबर नसलेली नळी दिसली की "बेवारस" म्हणून सिंकमध्ये ओतायला लावायच्या, त्याच बाईंनी लाल पेनाने झाकणावर एक शब्द लिहिला: घरचं. बाजूला बारीक अक्षरात तारीख घातली.

त्याच दुपारी त्यांनी चाचण्या लावल्या. आयजीएम किंचित पॉझिटिव्ह आलं, रेषेच्या जेमतेम वर. टायटर आला चौसष्ट. तो त्यांनी पर्समधल्या डायरीत टिपला आणि उरलेलं सीरम फ्रीजरमध्ये, स्वतःच्या रॅकमध्ये ठेवलं.

"म्हणजे रुबेला आहे?" वहिनीने विचारलं.

"एका नळीवर मी बोलत नाही," बाई म्हणाल्या. "आयजीएम अंधुक आहे, ते कधीकधी खोटंही निघतं. आयजीजी जुनी असेल तर हिला लहानपणीच होऊन गेलाय आणि बाळ सुखरूप आहे. दोन आठवडे थांबा. टायटर चौसष्टच राहिला तर बाळाला भीती नाही. चौपट झाला तर..."

"तर?"

"तर डॉक्टरीणबाई सांगतील."

ते दोन आठवडे घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. सूनबाई जेवायची, आखडलेल्या बोटांनी भांडी विसळायची, आणि बाई दिसल्या की त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. बाईंना ते बघणं आवडलं. कबूल करायला कुणाला आवडणार नाही, पण आवडलं. त्या घरात इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून काय निघतं याची कुणी वाट पाहिली नव्हती. चहा आता पहिला त्यांना यायला लागला.

या दोन आठवड्यांत प्रयोगशाळेत दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे जुनं किट संपून नव्या लॉटचं, कंपनीच्या नव्या खेपेचं, आलं. आणि दुसरी, एका शनिवारी बाई सुट्टीवर असताना मोठा फ्रीजर बंद पडला. चष्मेवालीने एकटीने सगळ्या नळ्या भराभर दुसऱ्या फ्रीजरमध्ये हलवल्या. नंबरवाल्या नंबराने लावल्या. काही वितळून सांडल्या होत्या, त्या टाकून दिल्या.

सोमवारी बाईंनी आपला रॅक पाहिला. नळी नव्हती.

त्यांनी दुसरा फ्रीजर उघडून एकेक रॅक चाचपला. बोटं गारठून बधिर झाली. शेवटी त्यांना चष्मेवालीला विचारावंच लागलं.

"माझ्या रॅकमधली एक नळी होती. बघितलीस का?"

चष्मेवालीने रजिस्टर ओढलं. "नंबर सांगा बाई."

बाईंनी फ्रीजरचं दार लावून घेतलं.

"नंबर नसेल तर बेवारस," चष्मेवाली शांतपणे म्हणाली. हे वाक्य तिने कुणाकडून उचललं होतं ते दोघींनाही माहीत होतं. "काय लिहिलं होतं तिच्यावर?"

एक शब्द. बाईंनी तेवढा एक शब्द उच्चारला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण 'घरचं' म्हणायचं म्हणजे पुढचे चार प्रश्न आलेच, कुणाच्या घरचं, का लपवलं, नंबर का नाही, आणि ते प्रश्न विचारणार कोण, तर जिच्या हातात त्यांनी कागदाचे तुकडे ठेवले होते ती. बाईंनी मान झटकली. "काही नाही. जुनीच होती."

झालं होतं असं. प्रयोगशाळेत रुबेलासाठी एक घरगुती कंट्रोल होता, म्हणजे चाचणी नीट चालते का ते ताडून बघायचा ठरलेला नमुना. किटच्या बाटलीतल्या कंट्रोलवर नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहिलेलं असायचं, आकडा नसायचा. म्हणून आधीच्या पॉझिटिव्ह रोग्यांचं उरलेलं सीरम एकत्र करून त्यांनी स्वतःचा साठा बनवला होता. त्याचा टायटर पक्का ठरलेला, दोनशे छप्पन. दर प्लेटमध्ये तो लावायचा. दोनशे छप्पन आला म्हणजे प्लेट भरवशाची, नाही आला तर सगळी प्लेट फेकायची. त्या छोट्या नळ्या निळ्या डब्यात असायच्या आणि त्यांच्या झाकणांवर चष्मेवाली निळ्या पेनाने लिहायची: घरचं. घरी बनवलेलं, म्हणून घरचं. शनिवारच्या घाईत तिला 'घरचं' लिहिलेली आणखी एक नळी सापडली आणि तिने ती जिथली वाटली तिथे ठेवली. निळ्या डब्यात, सगळ्यांत वर.

दुसरी नळी बाईंनी ठरल्या दिवशी घेतली. आता सरळ रस्ता उघड होता. पहिली नळी हरवली, माझी चूक झाली, आजची दुसरी जपून ठेवते, आणखी दोन आठवड्यांनी तिसरी घेऊ आणि त्या दोन एकत्र लावू. पण तेरावा आठवडा लागला होता. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, जे काही करायचं ते आता, उशीर केला तर आईच्याच जिवाला त्रास. वहिनी दारात उभी राहून "झालं का वन्सं" विचारत होती. आणि 'माझी चूक झाली' हे शब्द बाईंच्या जिभेला सवयीचे नव्हते.

त्यांनी दुसरी नळी एकटीच लावली. सोबत कंट्रोल म्हणून निळ्या डब्यातली सगळ्यांत वरची नळी घेतली, बर्फाने पांढरी झालेली. झाकणावरचं 'घरचं' तेवढं वाचलं. पेन निळं की लाल हे बघायला त्या थांबल्या नाहीत.

तासाभराने प्लेट वाचायला घेतली. कंट्रोलच्या ओळीत खूण दोनशे छप्पनपर्यंत उमटली होती. बाईंना हायसं वाटलं. नवा लॉट बरोबर वाचतोय, प्लेट भरवशाची आहे, मग पहिली नळी नसली म्हणून काय बिघडलं? खालच्या ओळीत सूनबाईचं सीरम होतं. तेही दोनशे छप्पन. दोन ओळी अगदी सारख्या. बाईंनी डायरी उघडली. चौसष्ट, आणि आता दोनशे छप्पन. चौपट.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत सगळे बसले होते. अहवाल वाचून त्यांनी भाच्याला समजावलं, पुरळ, सांधे, आयजीएम आणि वर हा चढता टायटर, सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. निर्णय तुमचा. भाचा आईकडे बघायला लागला, आणि आईने निर्णय केव्हाच केला होता. "आंधळं-बहिरं पोर जन्मभर कोण सांभाळणार? मी?"

सूनबाई बाईंकडे वळली. "आत्या, नक्की ना?"

"मी एका नळीवर बोलत नाही," बाई म्हणाल्या. "तुला माहितीये."

सूनबाईने मान हलवली आणि जिथे सांगितलं तिथे सही केली.

दोन दिवसांनी सूनबाईची पिशवी साफ केली. ती घरी आली त्या दिवशी वहिनीने तिला एकदा मऊ भात दिला, आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हा भांडी. "सहा वर्षांनी धरलं, तेही सडकं," असं ती शेजारणीला जिन्यात सांगत होती. सूनबाई आत ऐकत होती. बाईंबद्दल मात्र वहिनीच्या तोंडात साखर असायची. "आमच्या वन्संनी वेळेवर ओळखलं हो. नाहीतर गळ्यात धोंड पडली असती." टीव्हीसमोरची खुर्ची बाईंना मिळाली. त्या तिच्यावर टेकून बसायला लागल्या होत्या.

तीन आठवड्यांनी, पुरेसे नमुने जमल्यावर, चष्मेवालीने बायकांच्या रक्ताची रुबेलाची पुढची प्लेट लावली. कंट्रोल आला एक हजार चोवीस. तिने दुसरी नळी फोडली. एक हजार चोवीस. तिसरी. तेच. म्हणजे नवा लॉट दोन पायऱ्या चढून वाचत होता, सगळ्यांचेच आकडे चौपट दाखवत होता. मग गेल्या वेळी बाईंनी कंट्रोलच्या वहीत दोनशे छप्पन कसा लिहिला? उघडलेल्या नळ्या महिनाभर खालच्या फ्रीजमध्ये ठेवायचा नियम होता. तिने ती नळी शोधून काढली. झाकणावर लाल पेन. बाजूला दीड महिन्यापूर्वीची तारीख. अक्षर बाईंचं.

दुपारी खिडकी बंद झाल्यावर तिने ती नळी बाईंच्या टेबलावर आणून ठेवली. शेजारी कंट्रोलचे आकडे लिहिलेला कागद.

"बाई, ही कुणाची?"

बाईंनी नळी उचलली. लाल अक्षरं वाचली. मग कागद वाचला. मग पुन्हा नळी.

"निळ्या डब्यात मीच ठेवली," चष्मेवाली म्हणाली. "घरचं लिहिलेलं होतं. मी तुम्हाला विचारलं होतं, काय लिहिलंय म्हणून."

बाई उठल्या. त्यांनी स्वतः प्लेट लावली. पहिली नळी, जपून ठेवलेली दुसरी नळी, आणि निळ्या पेनाचा खरा कंट्रोल. चष्मेवाली हाताची घडी घालून शेजारी उभी राहिली. तासाभराने बाईंनी ओळी वाचल्या. पहिली, दोनशे छप्पन. दुसरी, दोनशे छप्पन. कंट्रोल, एक हजार चोवीस.

काही चढलं नव्हतं. मोजपट्टी बदलली होती, पोरगं नाही. आणि सगळ्यांत भयंकर हे की त्या दिवशीही जोडी लागलेली होती. एकाच प्लेटमध्ये, एकाच किटने, एकाखाली एक. बाईंनी आपल्या डोळ्यांनी दोन्ही ओळी सारख्या बघितल्या होत्या आणि हायसं वाटून घेतलं होतं.

"आयजीएमचं काय मग?" चष्मेवालीने विचारलं. विचारताना तिला उत्तर माहीत होतं. बाईंनीच तिला शिकवलं होतं.

बाईंनी उरलेल्या थेंबांवर संधिवाताची चाचणी लावली. लगेच दाणे धरले. सूनबाईच्या रक्तात संधिवाताचा घटक ठासून भरलेला होता. तोही आयजीएमच्याच जातीचा, आणि तो जुन्या आयजीजीला चिकटून चाचणीला फसवतो. ताप आणि पुरळ कुठल्यातरी भलत्याच विषाणूचं असणार, शेजारच्या पोराकडून आलेलं. बोटं रुबेलाने दुखत नव्हती. बोटं वर्षभर दुखत होती. गरम पाण्यात बुडव.

"हा कागद फाडायचा का बाई?" चष्मेवाली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोसणं सोपं गेलं असतं. "कचऱ्याची पेटी तिकडे आहे."

संध्याकाळी बाईंनी आधी वहिनीला सांगितलं, कारण त्यांना वाटलं वहिनी ओरडेल, मारायलाही धावेल, आणि ते बरं होईल. पण वहिनीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "गेलं ते गेलं. आता सुनेला सांगून तिला माझ्यावर भुंकायला लावू नका. इतकी वर्षं या घरात राहिलात, ते विसरू नका." आणि तिने बाईंना चहा करून दिला. आलं घातलेला.

बाईंनी तो घेतला नाही. त्या बाहेर आल्या. सूनबाई बाहेरच्या खोलीतल्या खिडकीत बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, बोटांनी नाही, तळव्यांनी. बाईंनी तिला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नळी, लाल पेन, निळा डबा, चौसष्ट, दोनशे छप्पन. शिकाऊ पोरींना सांगतात तसं क्रमाने सांगितलं, कारण दुसरं कसं सांगायचं ते त्यांना येत नव्हतं.

सूनबाईने हातातली घडी पूर्ण केली.

"म्हणजे ते चांगलं होतं."

"रुबेला नव्हता," बाई म्हणाल्या.

"मी ते नाही विचारलं."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "हो. भीती नव्हती त्याला. चांगलं होतं."

"तुम्ही म्हणाला होतात, मी एका नळीवर बोलत नाही."

बाईंनी तिच्या पायाशी बसायचा प्रयत्न केला, तशी सूनबाईने पाय आक्रसून घेतले.

"रडू नका. रडायला मला जागा ठेवा," ती म्हणाली. "लिहून द्या."

"काय?"

"तुम्ही खिडकीवर लोकांना कागद देता ना, तसा. टायटर चढला नव्हता म्हणून. सही करून."

बाईंनी पर्स उघडली. दवाखान्याचे कोरे अहवाल त्यात नेहमी असायचे. त्या जमिनीवरच बसल्या, मांडीवर पर्स ठेवून त्यावर कागद धरला आणि लिहू लागल्या. पहिला नमुना, दुसरा नमुना, एकाच प्लेटमध्ये. टायटरमध्ये वाढ नाही. नव्या संसर्गाचा पुरावा नाही. सगळं बिनचूक होतं. इतका बिनचूक अहवाल त्यांनी आयुष्यात लिहिला नसेल. खाली त्यांनी सही केली.

सूनबाई वाकून बघत होती. "वरचं रिकामं राहिलं."

वर दोन रकाने होते. रोग्याचं नाव आणि नंबर.

"नंबर उद्या रजिस्टरात चढवते," बाई पुटपुटल्या.

"चढवा. सगळ्यांना दिसेल असा. आणि नाव आत्ता लिहा," सूनबाई म्हणाली. "घरचं लिहू नका."

मग तिने आपलं नाव सांगितलं, पहिलं, मधलं, आडनाव. सहा वर्षं एका छपराखाली राहून बाईंना ते माहीत नव्हतं असं नाही. तरीही ती एकेक अक्षर सुटं करून, सावकाश सांगत राहिली, खिडकीवरच्या अनोळखी बाईला सांगतात तसं, आणि बाई मान खाली घालून उतरवून घेत राहिल्या.